गोजरबाईनं नेलेली कणसं

आमच्या मंठ्याच्या भागात आजाऱ्याला भेटायला जावं तर गोजरबाईनंच. बाकीच्यांचं भेटणं म्हणजे जखमेवर मीठ.

तिचा धाकटा दीर पुंजाराम जालन्याच्या दवाखान्यात पडून होता. काटा मोडून पाय सडला, तो डॉक्टरांनी गुडघ्यापासून काढला. चार दिवस झाले, पोटात घास नाही, कुणाशी शब्द नाही, तोंड भिंतीकडं. डॉक्टर म्हणाले, असाच उपाशी राहिला तर माणूस हातचा जाईल. आणि भेटायला येणारे दारातूनच गळा काढायचे, ‘कसं व्हायचं रं आता तुझं!’ मग चादरीच्या सपाट बाजूकडं टक लावून बसायचे. अहो, काय गेलं ते त्याला ठाऊक नाही का?

गोजरबाई परतूरला आगगाडीत बसून आली. रडायचं तेवढं बाहेरच रडून घेतलं. नळावर हातपाय धुतले आणि गार पडलेले हात पदरात चोळून ऊन केले. गार हात लागला की आजारी माणूस दचकतो. पुंजारामची बायको द्वारकाबाई गळ्यात पडायला उठली, तिला नजरेनंच बसवलं. खाटेच्या पायथ्याशी गोजरबाई थांबलीच नाही. वळसा घालून भिंतीकडच्या बोळीत शिरली आणि त्याच्या नजरेला नजर येईल अशी उकिडवी बसली. ती नवरी होऊन आली तेव्हा हा पाच वर्षांचा होता, तिनंच न्हाऊ घातलेला. तिनं त्याच्या खांद्यावर तळहात ठेवला. थोपटलं नाही, नुसता ठेवला.

“भाऊजी, मी आले.”

तो म्हणाला, “पाय गेला, वहिनी.”

“गेला,” ती म्हणाली. होईल बरं, देव बघून घेईल, असलं काही नाही. हातही हलवला नाही. त्याचे डोळे भरले, वाहिले, तिनं वाहू दिले.

मग हळूच पदरातून ज्वारीची तीन कणसं काढून त्याच्या हातात दिली. “बियाला कोनतं धरावं? सगळे तुमच्यासाठी खोळंबून राह्यलेत.”

सारं गाव पुंजारामनं निवडलेलं बी पेरायचं. त्यानं एक कणीस चोळलं, दाणा दाताखाली धरला. दुसरं चोळलं. तिसऱ्याला मात्र कपाळाला आठी पडली.

“हे कुनी तोडलं? बिलकुल कच्चं हाय. दाना भरला न्हाई अजून. एवढंबी कळंना का कुनाला?”

“तुम्हीच शिकवा मंग येऊन.”

 तो कोपरावर रेटा देऊन उठायला लागला. “भाकर आनली का काही?”

तिनं दुधात कुस्करलेली भाकर पुढं केली. वाटी रिकामी झाली.

बाहेर आल्यावर द्वारकाबाई डोळे पुसत म्हणाली, “बाई, ते कच्चं कनीस तुमच्या नजरेतून कसं सुटलं वो?”

“सुटलं न्हाई, हुडकून तोडलं,” गोजरबाई म्हणाली. “भाऊजींसाठी रडायला चिक्कार लोक आले. त्यांना कशावर तरी रागवता यावं, असं कुनीच काही आनलं नव्हतं.”