अंगठ्याखालचं बिल

पत्नी गेल्यावर दीड-दोन महिन्यांनी तिच्या सेवेला ठेवलेल्या मुलीने मला व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. विजेच्या बिलाचा. पत्नीच्या आजारपणात ती खांदा कॉलनीत आमच्याच घरी राहत असे. आता ओवे गावात भाड्याने खोली घेऊन कोन गावाहून आईला तिने तिथे आणलं होतं. तिच्या आयुष्यातलं पहिलं बिल. मागोमाग ती स्वतःच आली.

"काका, ह्यातला मला काय पन कलत नाय. मालक बोलतो, रविवारपर्यंत दे, नायतर वायर काढीन."

फोटो खोलीच्या मालकाने काढलेला होता. कागद डाव्या हातात धरलेला, आणि त्याचा अंगठी घातलेला जाडजूड अंगठा नेमका एकूण युनिट आणि देय रक्कम यांच्यावर. खाली त्याने तिच्या खोलीचे युनिट आणि तिने द्यायची रक्कम लिहिली होती.

समजावण्यासाठी मी आमचं बिल काढलं. त्यावर अजून पत्नीचंच नाव येतं. मुलीने ते वाचलं आणि कागद नीट सरळ केला.

मी सांगू लागलो. पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी असतो, पुढच्या दोनशेंचा जवळजवळ दुप्पट, तीनशेच्या वर आणखी महाग. पण तीनशेच्या वर गेलं म्हणून सगळेच युनिट महाग होत नाहीत, फक्त वरचे होतात. स्थिर आकार हा जोडणीचा. दिवा लावा न लावा, मीटरमागे एकदाच. इंधनाचा खर्च वाढला की इंधन समायोजन आकार लागतो, तो युनिटांवर. या सगळ्यावर शेवटी सरकारचं वीज शुल्क, टक्क्यांत.

"म्हंजे मडकी एकावर एक," ती म्हणाली. "खालचा भरला की वरचा."

"बरोबर. तुझ्या मालकाने मात्र तुझे सगळे युनिट वरच्याच मडक्यात ओतलेत."

शिवाय स्थिर आकार अख्खा. तिथे चार खोल्या, प्रत्येकीला पोटमीटर, पण कंपनीचा मीटर एकच. चौघी भाडेकरूंकडून चार वेळा तोच आकार.

अंगठ्याने रक्कम झाकली होती, ग्राहक क्रमांक झाकला नव्हता. कंपनीच्या संकेतस्थळावर तो टाकल्यावर पूर्ण बिल उघडलं. इतर तिघींचे युनिट आणि रकमा तिला तोंडपाठ होत्या. नळावर बायका दुसरं काय बोलणार. चार खोल्यांचे युनिट मिळून मीटरवरच्या युनिटांपेक्षा बरेच कमी भरत होते. उरलेले मालकाच्या घरचे. आणि चौघींच्या पैशांत जवळजवळ पूर्ण बिल भरून निघत होतं.

रविवारी आम्ही त्याच्याकडे गेलो. खोल्यांच्या वरच तो राहतो. दार बंद, आत एसी. त्याने आग्रहाने कोकम सरबत दिलं. त्या थंडाव्याचे पैसे कोण भरतं हे आता मला ठाऊक होतं. सरबत ओठांपर्यंत नेलं. पेला मी खाली ठेवला.

मी आमच्या हिशोबाचा कागद पुढे केला. त्याने तो वाचलाही नाही.

"काका, तुम्ही पुस्तकं वाचणारी माणसं. बायको गेली, वेळ जात नसेल, समजतो मी." तो हसला. मग मुलीकडे वळला. "तुझं करतो कमी. हिशोबाने दे. पण खालच्यांना बोलायचं नाय. तुझ्या-माझ्यात."

दया वाटावी तसं तो बोलला. मला त्या हसण्याची, त्या अंगठीची, गार हवेचीसुद्धा किळस आली.

"त्यांना काय बोलू?" मुलगी शांतपणे म्हणाली. "त्यांना कालच फोटो टाकलाय. पुरा. अंगठा नसलेला."

तो हसायचा थांबला. मी पुढे केलेला कागद त्याने आता उचलला.

वायर निघाली नाही. पुढच्या महिन्यापासून चारही खोल्यांना हिशोबाने आकारणी झाली, आणि त्याच महिन्यात चारही खोल्यांचं भाडं वाढलं. जेवढं विजेत सुटलं, जवळजवळ तेवढंच.

तिने मला नव्या बिलाचा फोटो पाठवला. युनिटांची विभागणी तिने स्वतः पेनाने केली होती, चूक एकही नव्हती. खाली लिहिलं होतं, "विजेचा बरोबर हाय काका. भाड्याला मडकी नसतात काय?"

दुपारी मी पत्नीच्या नावाचं बिल घेऊन भरणा केंद्रावर गेलो. खिडकीतल्या माणसाने बिलावरचं नाव कुणाचं ते विचारलं, पत्नी गेल्याचं मी सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, नाव बदलायचा अर्ज देऊ का? मी नको म्हणालो.