तळेऱ्याच्या नाक्यावरचा अर्धा तास

माझ्या चुलत भावाची बायको, आमची वहिनी, त्या वर्षी पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधून बसली होती. भाऊ जाऊन तीन वर्षं झाली होती. विजयदुर्गाजवळच्या आमच्या गावात तेव्हा पाहुणे येत ते किल्ला बघून तासाभरात परत फिरत, मुक्कामाला कोणी थांबत नसे. तिच्या भावाने मुंबईहून स्पष्ट कळवलं होतं : हा सीझन बघ, नाही जमलं तर घराला कुलूप लाव आणि आमच्याकडे ये. वहिनीला मुंबईला जायचं नव्हतं.

मी मुंबईची विक्रीतली नोकरी सोडून गावी आलो होतो. सगळ्यांना सांगताना मी ‘सोडून’ म्हणत असे. खरं म्हणजे मला काढलं होतं. साहेबांच्या केबिनमध्ये, दोघा सहकाऱ्यांसमोर, मी ‘सहा महिने तरी ठेवा’ म्हणून विनवलं होतं आणि साहेबांनी मान वर न करता ‘नाही’ म्हटलं होतं. हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं. गावात मी मुंबईत मोठमोठ्या लोकांशी बोललेला माणूस होतो.

माझ्या जुन्या ऑफिसातल्या एकाने पुण्याच्या एका बाईंचा नंबर दिला. त्या दहा-बारा माणसांच्या छोट्या सहली काढत. मी फोन केला. त्या म्हणाल्या, “मी गुरुवारी मालवणला चाललेय. वाटेत तळेऱ्याला अर्धा तास थांबते, कॉफी घेऊ.”

बुधवारी मी डायरीत भेटीची आखणी केली. आधी ओळख कोणाकडून झाली त्याचा उल्लेख. मग तीन प्रश्न : या धंद्यात कशा आलात, तुमच्या माणसांची नेहमीची तक्रार काय असते, नवी जागा कशी ठरवता. आपण कमी बोलायचं, त्यांना बोलू द्यायचं. सगळ्यात शेवटी, वेळ संपायच्या आत, एकच लहान गोष्ट : परतताना घर बघायला या. मुंबईत आम्हाला हेच शिकवलं होतं. पहिल्या भेटीत धंदा मागू नका, पण पुढचं पाऊल ठरवल्याशिवाय उठू नका.

गुरुवारी एसटीत वहिनी म्हणाली, “भावजी, तिका घराक येवक सांगा हां. सुरमय सांगून ठेवलंय.”

“पयल्या भेटीत काय मागूचा नसता, वहिनी,” मी म्हणालो.

“मगे आपण काय कॉफी पिवक चाललंव? इतको येळ एसटीत हाडां मोडून घेवन?”

मी हसलो आणि तिला म्हणालो, तू जास्त बोलू नको, मी बघतो.

नाक्यावरच्या हॉटेलात कॉफी मागितली तर वेटरने उलट आम्हालाच विचारलं, “कॉफी होयी? मगे बसा, येळ लागतलो. चाय तयार आसा.” तेवढ्यात बाई आल्या. पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या, पायात बूट. वहिनीने पिशवीतून खाज्याचा डबा काढून त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि विचारलं, “हे घरी केलंत?”

“घरीच. गुळाच्या पाकात आलां जरा जास्ती घातलंय,” वहिनी म्हणाली. “तुमी इलात तर गरम गरम...”

“मॅडम, तुम्ही या व्यवसायात कशा आलात?” मी विचारलं. वहिनीचं वाक्य तिथेच राहिलं.

भेट फार छान झाली, हे मला सांगायलाच हवं. बाई मोकळेपणाने बोलल्या. त्या आधी शाळेत शिकवायच्या. मुलांच्या सहली काढता काढता मोठ्यांच्या काढू लागल्या. तक्रारींचा प्रश्न आला तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “समुद्राबद्दल कोणी तक्रार करत नाही हो. बाथरूमबद्दल करतात.” वहिनीने लगेच माझ्याकडे पाहिलं. दोन्ही खोल्यांना तिने आग्रहाने स्वतंत्र बाथरूम बांधून घेतलं होतं, गवंड्याशी भांडून. मी डायरीत ‘बाथरूम’ लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो.

“नवी जागा कशी ठरवता?”

“स्वतः बघते. घरच्या बाईच्या हातचं जेवते, तिच्याशी बोलते. त्याशिवाय माणसं पाठवत नाही.” मग कप खाली ठेवत त्या म्हणाल्या, “शनिवारी सकाळी याच रस्त्याने परत जाणार आहे मी. घाई नाही तशी.”

आता फक्त एक वाक्य म्हणायचं होतं. डायरीत शेवटच्या ओळीवर ते लिहिलेलं होतं. जिभेवर आलंही होतं. शेजारी वहिनी माझ्याकडे बघत होती. आणि मला ती केबिन आठवली. बाई ‘नाही, जमणार नाही’ म्हणाल्या तर ते वहिनीसमोर म्हणतील, एवढंच माझ्या मनात आलं. मी घड्याळ पाहिलं. अर्धा तास झाला होता.

“तुमचा वेळ घेत नाही आणखी,” मी म्हणालो. “भेटून फार बरं वाटलं.”

बाई गाडीकडे गेल्या. गाडीचं दार उघडून पुन्हा वळल्या. “आणखी काही राहिलं का?”

“नाही, नाही.”

वहिनी पुढे झाली होती. मी तिला डोळ्यांनी गप्प केलं. गाडी गेली.

परतीच्या एसटीत ती म्हणाली, “तिका विचारलात नाय.”

“ती म्हणाली ना, शनिवारी येतंय म्हणान,” मी म्हणालो. “त्येचो अर्थ तोच. पयलो फोन करतली.”

शुक्रवारी वहिनीने चादरी धुतल्या. शनिवारी सकाळी सुरमई आणली, सोलकढी करून ठेवली आणि दारात वाट बघत बसली. मी घरातून बाहेर पडलोच नाही. दुपारी ती सुरमई तिने आमच्याच घरी पाठवून दिली. मी ती जेवलो.

आभाराचं पत्र मी बाईंना त्याच आठवड्यात पाठवलं होतं. त्यातही घर बघायला या असं लिहिलं नाही. सीझन सरताना, लाजत लाजत, फोन केला. त्या चकित झाल्या. “अहो, मला वाटलं तुम्हाला नुसती माहिती हवी होती. किती नीट प्रश्न विचारत होतात! मी दोनदा विषय काढला, तुम्ही बोलावलंच नाही. मालवणात एका बाईने तर मला दंडाला धरून तिचं बाथरूम दाखवलं. यंदाच्या माझ्या सगळ्या सहली तिच्याकडेच गेल्या.”

पावसाआधी वहिनीचा भाऊ आला. कुलूप त्याने मुंबईहूनच आणलं होतं.

गणपतीला ती दरवर्षी पाच दिवस येते आणि ते घर उघडते. परवाच्या गणपतीत आरतीनंतर सगळे दारापुढच्या खळ्यात बसले होते. कोणीतरी मुक्कामाला येणाऱ्या पर्यटकांचा विषय काढला. आता आमच्याही गावात चार घरांवर पाट्या आहेत. वहिनी म्हणाली, “ती पुण्याची बाई खोटी. येतंय म्हणान सांगून इली नाय. आमचे भावजी काय सुंदर बोलले हुते तिच्याशी! मी ऐकतच रवलंय.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “सोड गो वहिनी, जाऊ दे.” तिने माझ्या हातावर प्रसादाचं खाजं ठेवलं.