ऐकून ऐकून भरलेलं मन

अत्याचार सोसलेल्या मुलांना बोलतं करणं हे समुपदेशक ताईंचं रोजचं काम. हळूहळू त्यांना सगळ्यांचाच संशय यायला लागला. लेकीला मैत्रिणीकडेही सोडवेना. सुट्टी घेतली, पण डोळ्यांपुढची चित्रं हलेनात.

"मी कमी पडतेय," ताई समुपदेशन केंद्रातल्या ज्येष्ठ बाईंना म्हणाल्या.

"कमी कसली? एकटीनं फार ऐकलंयस."

बाईंनी त्यांना परीक्षेची भीती, भावंडांची भांडणं अशाही केसेस दिल्या. शिवाय ऐकलेल्याचा स्वतःवर काय परिणाम होतोय, ते बोलायला दर आठवड्याला समोर बसवलं.

काही महिन्यांनी लेक मैत्रिणीकडे राहायला निघाली. तिची पिशवी ताईंनीच भरली.

"किती फोन करशील?" नवऱ्यानं चिडवलं.

"एकच," त्या हसल्या, आणि खरंच एकच केला.