चार सेंटांचा झोका

काकूंचा जन्म पियानो जुळवण्यात गेला होता. घरातला नळ कुठल्या स्वरात गळतो तेही त्या सांगायच्या. आज सभागृहाचे दरवाजे उघडायला आले, तरी मधला एक स्वर त्यांना खुपत होता.

“स्वर मोजायच्या मीटरने प्रत्येक तार पास केलीय!” काका वैतागले. लागोपाठच्या दोन स्वरांमधल्या अंतराचे शंभर भाग केले की एक भाग म्हणजे सेंट, आणि मीटर दोन सेंटांपर्यंतची चूक चालवून घ्यायचं.

काकूंनी त्या एकाच स्वरासाठी बसवलेल्या तारा एकेक करून वाजवल्या. “अहो, ही दोन सेंट चढी, ती दोन उतरी. एकेकट्या शहाण्या! पण एकत्र वाजल्या की फरक चारचा. ऐका!”

काकांनी कान लावला. आवाज सेकंदाला एकदा फुगत होता, ओसरत होता. काकूंनी तार ताणायची किल्ली केसभर फिरवली. झोका मंदावला, आणखी मंदावला, आणि स्वर सरळ उभा राहिला.

“थांबला! अगं, थांबला!” काका नाचायचेच बाकी होते. त्यांनी हौसेने पुढची पट्टी दाबली आणि त्यांचा चेहरा पडला. “हाही डुलतोय गं!”

“आलं ना ऐकू?” काकू हसल्या. “आता भोगा जन्मभर.”