कारण लिहिलेलं पत्र

लोणावळ्यात भुशीच्या वाटेवरच्या एका हॉटेलात मी खरेदी विभाग सांभाळायचे. आमच्या चादरी, टॉवेल धुवायला जायचे ते वडिवळ्याच्या एका मावशींकडे. हॉटेलनं स्वतःची लॉन्ड्री उभारायचं ठरवलं आणि मावशींना तसं कळवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

मावशींशी हॉटेलचा वर्षाचा करार होता. दोघांपैकी कुणालाही तो पुढे चालवायचा नसेल, तर मुदत संपण्याच्या साठ दिवस आधी लेखी कळवायचं, नाहीतर तो आपोआप वर्षभर वाढतो, असं त्यात कलम होतं. मी पत्र अगदी गोड लिहिलं: 'कलमातील सूचना कालावधीस अनुसरून नम्रपणे कळवीत आहोत की, मुदतीनंतर कराराचे नूतनीकरण होणार नाही. तोपर्यंत आपली सेवा व देयके पूर्ववत चालू राहतील. आजवरच्या सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार.' असं पत्र शिपायाच्या हाती धाडणं मला बरं वाटेना, म्हणून स्वतःच गेले.

मावशींनी इस्त्री बाजूला ठेवली, चहा टाकला, मग पत्र सावकाश वाचलं.

"ह्यात कारन कुटं हाय?"

"मुदत संपतेय ना मावशी, कारण द्यावं लागत नाही."

"तुमाला न्हाई लागत. मला लागतंय. लॉन्ड्रीचं काम सुटलं की लोक पयलं इचारत्यात, चादरी गायब झाल्या व्हय? मग दुसरं हॉटेल दारात उभं करत न्हाई."

आमच्या धंद्यात लोक हेच विचारतात, मीही विचारलं असतं. पोच न घेताच मी परत निघाले.

पत्रात कारण घालू का विचारलं, तर मॅनेजरसाहेब म्हणाले, "कारण लिहायचं नाही, उगाच फाटे फुटतात. ठरलेला नमुना आहे, तोच राहू दे." मग माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आपली लॉन्ड्री होतेय हे अख्ख्या लोणावळ्याला दिसतंय, आणि मावशींनाच लिहून द्यायचं नाही? कुणाची अब्रू जाते त्यात?" साहेबांनी वकिलांना फोन लावला. वकील म्हणाले, खरं आहे ते लिहायला हरकत नाही. कळवायची मुदत अजून हातात होती.

नव्या पत्रात एक वाक्य वाढलं: 'हा निर्णय केवळ हॉटेलची स्वतःची लॉन्ड्री सुरू होत असल्याने घेतला असून, आपल्या सेवेबद्दल अथवा कपड्यांच्या हिशोबाबद्दल कोणतीही तक्रार नाही.' मावशींनी ते दोनदा वाचलं आणि दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून सही केली.

करार संपेपर्यंत मावशींची गाडी रोज वेळेवर आली. चादरींच्या घड्या तेवढ्याच कडक होत्या. शेवटच्या दिवशी मला त्या घड्यांकडे नीट बघवेना.

पुढे काही दिवसांनी मावशींचा फोन आला. खंडाळ्याच्या एका हॉटेलचं काम मिळालं होतं.

"पत्र दावलं," त्या म्हणाल्या. "बाई, चादरींचं कुनी इचारलंच न्हाई."