करण्यात आले, पण कोणी?

वामनराव रामटेके यांनी कृषी खात्यात तेहतीस वर्षं काढली आणि एवढ्या वर्षांत स्वतः काडीही हलवली नाही, असं त्यांचा बायोडाटा वाचणाऱ्याला वाटलं असतं. चार पानं. सुरुवातीला जन्मतारीख, जात, वडिलांचं नाव. मग १९८९ पासूनच्या बदल्या, आदेश क्रमांकांसह. त्यापुढे सगळी सरकारी मराठी: प्रात्यक्षिके घेण्यात आली, मार्गदर्शन करण्यात आले, उद्दिष्ट साध्य करण्यात आले.

सिंदेवाहीजवळच्या एका शेतकरी कंपनीला धानासाठी सल्लागार हवा होता, आठवड्यातून दोन दिवस. पेन्शन पुरत होती, पण वामनरावांना हे काम मनापासून हवं होतं. निवृत्त झाल्यापासून तीन वर्षांत त्यांचा सल्ला फक्त पत्नी रुखमाबाईंनी घेतला होता, तोही भाजी कोणती करू एवढाच.

मुलगी नूतन कोरपन्याकडच्या सिमेंट कारखान्यात भरतीचं काम बघायची. रविवारी घरी आली आणि तिनं ती चार पानं हातात घेतली.

"बाबा, प्रात्यक्षिकं घेण्यात आली. कोनं घेतली?"

"मीच. आनखी कोण घेनार?"

"मंग 'मी घेतली' असं काऊन नाई लिवलं?"

'मी' हा शब्द फक्त रजेच्या अर्जात लिहायचा असतो, असंच वामनराव आजवर समजत होते.

नूतननं कात्री चालवली आणि चार पानांची दोन केली. जात आणि जन्मतारीख गेली. पहिली वीस वर्षं दोन ओळींत बसली. 'सेवानिवृत्त कृषी पर्यवेक्षक' हे वरचं मोठ्या अक्षरांतलं शीर्षक जाऊन 'धान पीक सल्लागार' आलं आणि खाली, कंपनीच्या सभासदांना ते काय देऊ शकतील, याच्या तीन ओळी. गेल्या वर्षी केलेला सेंद्रिय प्रमाणीकरणाचा ऑनलाइन वर्ग त्यांनी किरकोळ म्हणून वगळला होता, तो तिनं पहिल्याच पानावर घेतला.

"एवढी नोकरी काढून टाकली, तं माह्यं रायलं काय?"

"त्यायले तुमची नोकरी नाई मोजाची, बाबा. त्यायच्या धानाच्या बांधीत तुमी आता काय करनार, थे पाह्याचं हाय."

मग कागदावर एटापल्लीतल्या जुन्या कामाची पाळी आली. वामनरावांच्या सल्ल्यानं चाळीस बायकांच्या गटानं तिथं पट्टा पद्धतीनं धानाचा रोवणा केला होता. रोपं लावताना दर दहा ओळींनंतर मोकळा पट्टा सोडला की हवा-उजेड खेळतो आणि धानावर तुडतुडा ही कीड कमी बसते. तीन वर्षांत फवारण्या तीनवरून एकावर आल्या. नूतननं 'मी केले' असं टाइप केलं आणि वामनरावांनी तिचा हात धरला.

"चिखलात वाकल्या थ्या बायका. 'गटासोबत' लिव."

तिनं लिहिलं. शेवटी प्रश्न उरला ओळखीच्या माणसांचा, ज्यांना कंपनी फोन करून विचारू शकेल. वामनरावांनी तीन साहेबांची नावं दिली होती. त्यातले एक साहेब वारले होते.

"बाबा, फोन उचलनारं कोनी सांगा ना."

त्यांनी एटापल्लीच्या त्या गटातल्या सोनीबाई मडावींना फोन लावून परवानगी मागितली. बाई म्हणाल्या, "मी खरं सांगीन हं, भाऊ." पहिल्या वर्षी तुडतुडा दिसला तेव्हा 'फवारणीले थांबा' असं त्यांनीच सांगितलं होतं आणि निम्म्या बांध्या करपल्या होत्या. बायोडाटात हे नव्हतं.

आठ दिवसांनी मुलाखत झाली. कंपनीचा तरुण व्यवस्थापक दिनेश यानं दोन्ही पानं वाचली आणि तिथंच, वामनरावांसमोर, सोनीबाईंना फोन लावून स्पीकर चालू केला.

"वामनभाऊ? पयल्या वर्षी त्यायनं आमचा धान बुडवला," सोनीबाई म्हणाल्या. वामनरावांनी मान खाली घातली. "मंग चाळीस घरी फिरले. चूक माह्यी हाय म्हनून सांगितलं. दुसऱ्या वर्षी आमच्यासंगं रोवन्याले उतरले. तुमच्याकडं कोनता साहेब येते असा?"

दिनेशनं फोन ठेवला. "हे कागदावर काऊन नाई लिवलं, सर? आमच्या सभासदायले असाच मानूस पायजे. सोमवार आणि गुरुवार जमंल?"

वामनरावांनी होकारार्थी मान हलवली. बाहेर येऊन त्यांनी सोनीबाईंनाच आधी फोन केला. त्यांनी बाईंचे आभार मानले.

"थे जाऊ द्या," बाई म्हणाल्या. "कागदावर माह्यं नाव कसं लिवलं, थे सांगा."

त्यांनी पिशवीतून कागद काढला, चष्मा लावला. "सोनीबाई मडावी, धान उत्पादक, तालुका एटापल्ली."

"उत्पादक मंजे?"

"पिकवनारी."

"अजून एकदा वाचा ना, भाऊ," सोनीबाई म्हणाल्या. "बायकायले आवाज देतो. थ्यायले बी ऐकू द्या."