सात मिनिटं मागं चालणारं कॉलेज

माझा बाप बाजार समितीत पोती वाहायचा आणि आई लोकांच्या वावरात कापूस वेचायची. घरात पुस्तक म्हणावं असं एकच होतं, ते म्हणजे रेशनकार्ड. मी उमरखेडकडच्या आमच्या गावाजवळच्या कॉलेजात शिकले, पण परीक्षेचं केंद्र पुसदला. दर पेपरला आई सोबत यायची, कारण परतीची गाडी चुकली तर पोरगी एकटी कुठं थांबणार? मी आत पेपर सोडवायची, ती फाटकाबाहेर बसून राहायची आणि त्या दिवसाची मजुरी बुडायची. माझ्या वर्गातल्या दोघींचं शिक्षण या जाण्यायेण्यापायीच सुटलं. मी मात्र पास झाले. आमच्या खानदानातली पहिली पदवीधर. हे मी कोणी न विचारताही सांगते. आता इथंही सांगितलंच.

पुढं त्याच कॉलेजात मला कॉम्प्युटर लॅब सांभाळायची नोकरी लागली. लॅबच्या कोपऱ्यात एक जुना सर्व्हर होता. हजेरी, निकाल, फी सगळं त्याच्यावर. मी त्यालाच कॉलेजची घंटाही जोडली. तास सुरू झाला की घंटा आपोआप वाजे आणि मी व्हरांड्यात उगाच उभी राहून कोण कौतुक करतं ते बघे. लोक घंटा ऐकून भिंतीवरची घड्याळं लावू लागले. मला वाटलं, याला म्हणतात शिक्षण.

त्या वर्षी आमच्या कॉलेजला पहिल्यांदाच परीक्षा केंद्र मिळालं. तेही एका सत्रापुरतं. प्राचार्यांनी बैठकीत सरळ सांगितलं, "एक पेपर जरी चुकला ना, तर केंद्र परत पुसदले जाते. मग पोरी घरीच बसतात. समजून घ्या."

मी समजून घेतलं होतं. माझ्याइतकं त्या खोलीत कोणी समजून घेतलं नसेल.

त्याच सुमारास भूगोलाचे सर एक तक्रार घेऊन लॅबमध्ये आले. ते रोज बसनं ये-जा करत आणि परीक्षेचं कामही त्यांच्याकडंच होतं.

"मॅडम, एस.टी.वाले गाडी लवकर सोडून राह्यले. आठ दिवसांत तीनदा चुकली माही."

"डेपोला अर्ज करा ना सर."

"तुम्हीच लिहून द्या. तुमची भाषा कडक असते."

मी कडक भाषेत अर्ज लिहून दिला. जाता जाता ते म्हणाले, "मोबाइलात येगळाच टाइम दाखवते म्हणा."

"सर, मोबाइलवर काय जाता," मी म्हणाले. "आपला सर्व्हर आहे."

काय तो तोरा! आज आठवलं की माझं मलाच कसंतरी होतं.

परीक्षेचा पहिला पेपर अकरा वाजता होता. आता प्रश्नपत्रिका गठ्ठ्यानं येत नाहीत. अकराच्या अर्धा तास आधी विद्यापीठाच्या पोर्टलवर उघडतात, केंद्राच्या सर्व्हरवर उतरवायच्या आणि तिथंच छापायच्या. त्यासाठी सर्व्हर आधी पोर्टलला एक टोकन दाखवतो. टोकन म्हणजे गेटपास समजा. आमचा सर्व्हर तो स्वतःच तयार करतो, आपली सही करतो आणि त्यावर मुदत टाकतो, आत्तापासून पाच मिनिटं. चोरीला गेला तरी फार वेळ चालू नये म्हणून इतकी कमी.

साडेदहाची घंटा झाली. प्राचार्य आणि भूगोलाचे सर माझ्या मागं उभे. मी पदवीधर बोटानं बटण दाबलं. पडद्यावर आलं, टोकनची मुदत संपली आहे.

परत दाबलं. परत तेच.

"काहून येऊन नाही राह्यला पेपर?" प्राचार्यांनी विचारलं.

"सर, टोकनची मुदत संपली म्हणतो."

"मग दुसरं बनवा."

"दर वेळी नवंच बनतं सर."

"नवं बनते अन् बनल्याबरोबर जुनं होते? असं कसं?"

मी इंग्रजीत काहीतरी पुटपुटले. इंग्रजी मी अशाच वेळी वापरते. मग सर्व्हर बंद करून चालू केला, केबल काढून लावली, नेटवाल्याला फोन करून खडसावलं. त्या बिचाऱ्याचं नेट छान चाललं होतं.

शेवटी विद्यापीठाच्या मदत कक्षाला फोन लावला. पलीकडचा मुलगा शांत होता. "मॅडम, तुमच्या सहीचं प्रमाणपत्र नवीन करून मेल करतो. ते टाकून पाहा."

प्रमाणपत्र आलं, मी ते टाकलं. या वेळी पोर्टलपर्यंत जायच्या आधीच आमचा सर्व्हर अडला. म्हणे, हे प्रमाणपत्र अजून लागू झालेलं नाही.

भूगोलाचे सर खाली वाकून वाचू लागले. "एकाले उशीर झाला म्हणते, दुसऱ्याले लवकर आला म्हणते. भांग पिऊन आहे का हा?"

बाहेर पोरी हॉलच्या दारात रांगेत उभ्या होत्या. मी डोळे मिटले आणि पहिल्यांदाच, बटण न दाबता, विचार केला. मी आत्ता बनवलेलं टोकन त्यांना जुनं वाटतं. त्यांनी आत्ता बनवलेलं प्रमाणपत्र आम्हाला उद्याचं वाटतं. म्हणजे त्यांचं आत्ता आणि आमचं आत्ता वेगळं आहे. आम्ही मागं आहोत.

पर्समधून मोबाइल काढून सर्व्हरशेजारी धरला. सर्व्हर सात मिनिटं मागं होता. पाच मिनिटांचं टोकन आमच्याकडून निघतानाच संपलेलं असायचं.

पुढचं सगळं डोक्यात एकामागून एक येत गेलं. दोनेक महिन्यांपूर्वी नागपूरच्या कंपनीचे लोक नवा फायरवॉल, म्हणजे नेटच्या दारावरचा पहारेकरी, बसवून गेले होते. सर्व्हर बाहेरून वेळ विचारून घेतो ती वाट त्यांनी बंद केली आणि मी शेजारी उभी राहून समजल्यासारखी मान हलवली. तेव्हापासून म्हातारा सर्व्हर रोज काही सेकंद मागं पडत होता. त्याच्या मागं घंटा, घंटेच्या मागं भिंतीवरची घड्याळं आणि घड्याळांच्या मागं अख्खं कॉलेज. एस.टी. बरोबर वेळेवर सुटत होती.

भूगोलाच्या सरांच्याही बहुतेक हेच लक्षात आलं असावं. ते हळूच म्हणाले, "मॅडम, तो अर्ज..."

"सर, नंतर."

मी सर्व्हरची वेळ मोबाइलप्रमाणं हातानं पुढं केली. प्रमाणपत्र त्यानं निमूट घेतलं. बटण दाबलं. पेपर उतरू लागला.

पण आमची सात मिनिटं गेली ती गेलीच. प्राचार्य भिंतीकडं बघून म्हणाले, "अजून येळ आहे ना बावा."

"नाही सर. अकराला तीनच मिनिटं आहेत. भिंतीवरचं घड्याळ खोटं आहे."

"कोणी बिघडवलं ते?"

"घंटेनं," मी म्हणाले. घंटा कोणी जोडली हे त्यांना माहीतच होतं, त्यामुळं तेवढं सांगायची वेळ आली नाही.

प्रिंटर खडखडू लागला. प्राचार्यांनी स्वतः गठ्ठे लावले, मी मोजून पाकिटात भरले, भूगोलाचे सर ते घेऊन धोतराचा सोगा नसतानाही सोगा सावरल्यासारखे पळाले. पेपर थोडा उशिरा सुरू झाला. तितकाच वेळ शेवटी वाढवून दिला आणि तसं विद्यापीठाला कळवलं. त्यांनी मान्य केलं.

दुपारी मी नागपूरला फोन करून वेळेची वाट उघडून घेतली. सर्व्हर आता वेळ बाहेरून घेतो आणि फरक पडू लागला तर माझ्या मोबाइलवर संदेश येतो. डेपोला मी आणखी एक अर्ज लिहिला, या वेळी मऊ भाषेत.

त्या सत्राचे बाकीचे पेपर वेळेवर झाले आणि केंद्र आमच्याकडं कायम झालं. आमच्या भागातल्या पोरी आता पदवीची परीक्षा इथंच देतात.